आठ महिने, ६०० सौदे: उद्यमबागेतल्या एका तरुणाच्या इंट्राडेचा हिशेब

"मामा, माझ्या ट्रेडिंगच्या खात्यातनं कुणीतरी पैसे काढल्यात."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी भाचा हे सांगतच घरात शिरला. मागोमाग आक्का. ती काही बोलली नाही, पण रात्री तिला झोप लागलेली नाही हे दिसत होतं. मी बेळगावात गेली बावीस वर्षं लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि रिटर्नचं काम करतो. घरातला पैशाचा कुठलाही घोळ शेवटी माझ्या टेबलावर येतो, तसा हाही आला. दोघांची परवानगी घेऊन, नावगाव न सांगता तो इथे मांडतो आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी कितीतरी जण याच वाटेवर आहेत आणि पैसे नेमके कुठे गळतात हे त्यांना कुणी आकडे मांडून दाखवलेलं नाही.

भाचा २७ वर्षांचा आहे. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासायचं काम करतो. बहुतेक वेळा दुसरी पाळी, दुपारी तीन ते रात्री अकरा. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो तेव्हा तो घरी मोकळा असतो. जूनमध्ये त्याला भिशी लागली, एक लाखाची. ते लाख रुपये त्याने ट्रेडिंग खात्यात भरले आणि एकच शेअर धरला, ४०० रुपयांच्या आसपास भाव असलेला. एका वेळी ५०० शेअर घ्यायचे, रुपया-सव्वा रुपया वर गेला की विकायचे. बाजार पडेल असं वाटलं तर आधी विकून मग घ्यायचे. संध्याकाळी हातात काहीच उरत नाही, सगळा व्यवहार त्याच दिवसात मिटतो. हेच इंट्राडे.

पोरगं निष्काळजी नव्हतं. त्याने दोनशे पानी वही घातली होती, तीत रोजचा प्रत्येक सौदा लिहिलेला. (इथे सौदा म्हणजे घेणं आणि विकणं मिळून एक.) जून ते जानेवारी, १५० दिवस, ६०० सौदे. त्यातले ३२४ नफ्यात, २७६ तोट्यात. नफ्याच्या सौद्यात सरासरी ४१० रुपये मिळाले, तोट्याच्या सौद्यात सरासरी ४४० गेले. बेरीज-वजाबाकी करून वहीच्या शेवटी लाल पेनाने लिहिलं होतं: निव्वळ नफा ११,४०० रुपये.

आणि खात्यात होते ४०,१३१ रुपये.

हे त्याला कळलं कसं, तर शुक्रवारी सकाळी नेहमीची ५०० शेअरची ऑर्डर रिजेक्ट झाली. भाव ४०२ होता. इंट्राडेत ब्रोकर जास्तीत जास्त पाचपट उधारी देऊ शकतो, म्हणजे दोन लाख एक हजाराच्या सौद्याला खात्यात ४०,२०० रुपये हवेत. त्याच्याकडे ६९ रुपये कमी पडले. तोवर शिल्लक हळूहळू उतरते आहे हे दिसत होतं, पण इंट्राडेचा नफा दुसऱ्या दिवशीच्या सेटलमेंटनंतर खात्यात येतो, त्यामुळे "अजून जमा व्हायचे असतील" असं तो धरून चालला होता.

"माझ्या वहीप्रमाणं १,११,४०० असायला पाहिजेत. मग ७१,२६९ रुपये गेले कुठं?"

असं प्रकरण समोर आलं की मी आधी खात्याचा लेजर उघडतो. फसवणूक झाली असेल तर पैसे बाहेर गेल्याची नोंद तिथे सापडते. याच्या लेजरमध्ये आठ महिन्यांत एकही रक्कम बाहेर गेलेली नव्हती. कुणीही काही काढलं नव्हतं. मग मी त्याला ईमेल उघडायला लावलं. ब्रोकरने पाठवलेल्या कॉन्ट्रॅक्ट नोटच्या, म्हणजे त्या त्या दिवसाच्या सौद्यांच्या आणि खर्चाच्या बिलाच्या, दीडशे पीडीएफ तिथे पडून होत्या, पासवर्ड पॅन नंबर. त्याने एकही उघडलेली नव्हती. ॲपच्या स्क्रीनवर हिरव्या-लाल अक्षरांत `P&L` दिसतो तोच त्याने रोज वहीत उतरवला, आणि तो आकडा खर्च वजा न करता दाखवलेला असतो.

आम्ही एक नोट उघडून टेबलावर ठेवली. ५०० शेअर ४०० ला घेतले, ४०१ ला विकले. वहीत नोंद: नफा ५००. आता त्याच सौद्याचा खर्च बघा.

दलाली घेताना २० आणि विकताना २०, मिळून ४० रुपये. एसटीटी, म्हणजे सरकारचा व्यवहार कर, इंट्राडेत फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के, ते ५० रुपये. एक्सचेंजचं शुल्क घेणं-विकणं दोन्हीच्या रकमेवर, ११ रुपये ८९ पैसे. मुद्रांक शुल्क खरेदीवर, ६ रुपये. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचं शुल्क ४० पैसे. आणि दलाली, एक्सचेंज, सेबी या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी, ९ रुपये ४१ पैसे. एकूण ११७ रुपये ७० पैसे.

"पाचशे मिळवायला एकशे अठरा?" आक्का पहिल्यांदा बोलली ती इथे.

भाच्याला मात्र ते फारसं लागलं नाही. ४०० रुपयांच्या शेअरवर साडेतेवीस पैसे, त्यात काय? त्याचं म्हणणं चूक नव्हतंच. दोन लाखांच्या उलाढालीवर हा खर्च शेकडा सहा पैशांच्याही आत आहे, किराणा दुकानातलं कुठलंही मार्जिन याहून मोठं असतं. फक्त हा खर्च सौद्याच्या पूर्ण रकमेवर लागतो, आणि खिशातले पैसे तेवढे नसतात. मग मी कॅल्क्युलेटर त्याच्या हातात दिला आणि गुणाकार त्यालाच करायला लावला. ११७.७० गुणिले ६००. स्क्रीनवर ७०,६२० आलं आणि त्याने कॅल्क्युलेटर खाली ठेवला.

त्यातले एसटीटीचे ३०,००० होते, दलालीचे २४,०००, बाकी किरकोळ. वरचे ६४९ रुपये वेगळेच होते, त्याकडे पुढे येतो. लाख रुपयांच्या भांडवलावर त्याने आठ महिन्यांत २४ कोटींची उलाढाल केली होती. बेळगावात २४ कोटींची उलाढाल करणाऱ्या दुकानदाराला आपण मोठा व्यापारी म्हणतो. आणि या पोराच्या लाखातले सत्तर हजार केवळ देवाणघेवाणीच्या आकारात गेले.

त्याला ते पटलं ते त्याच्याच कामाच्या भाषेत. मी विचारलं, लॅडलमधून शंभर किलो लोखंड ओतलं तर कास्टिंग किती किलोचं निघतं? "शंभर कसं निघंल? रनर, रायझर कापायला लागतात. परत फेटलिंग, रिजेक्शन." मग तुझ्या वहीत कुठलं वजन लिहिलंयस? तो वहीकडे बघत राहिला. ओतलेलं वजन लिहिलं होतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. भाच्याचा अंदाज वाईट नव्हता. शंभरात ५४ वेळा तो बरोबर होता. ४१० मिळत असतील आणि ४४० जात असतील, तर खर्च नसलेल्या जगात फिटंफाट व्हायला शंभरात ५२ वेळा बरोबर यावं लागतं. तो त्याच्या वर होता, म्हणूनच वहीत नफा दिसत होता. पण खर्च धरला की नफ्याचा सौदा ४१० चा २९२ होतो आणि तोट्याचा ४४० चा ५५८. आता फिटंफाट व्हायला शंभरात ६६ वेळा बरोबर यावं लागतं. ५४ आणि ६६ यांच्यातलं अंतर "थोडा अनुभव आला की जमेल" यात मोडणारं नाही. एखाद-दोन रुपयांच्या हालचालीत, रोज, शंभरात ६६ वेळा बाजाराची दिशा ओळखणं म्हणजे काय ते ज्याने महिनाभर करून पाहिलंय त्याला विचारा. खर्च हा नफ्यातून कापला जाणारा तुकडा आहे असं लोकांना वाटतं. खरं तर तो नफा होण्यासाठी लागणारी अचूकताच वर ढकलतो, आणि लक्ष्य जितकं लहान तितकं जास्त वर. याच्या सौद्यात लक्ष्य ४०० रुपयांचं आणि खर्च ११८ चा. तेच लक्ष्य चार हजारांचं असतं तर ११८ रुपये जाणवलेही नसते, पण एका सकाळीत चार हजारांची हालचाल रोज मिळत नाही.

कॉन्ट्रॅक्ट नोटवर न छापलेला एक खर्चही होता. तो मार्केट ऑर्डर टाकायचा, म्हणजे समोरच्या भावाला लगेच घ्यायचं आणि लगेच विकायचं. घेणाऱ्याचा भाव आणि विकणाऱ्याचा भाव यांत निदान पाच पैशांची फट असते. ५०० शेअरवर ते दर सौद्याला २५ रुपये. हे ११,४०० च्या आकड्यात आधीच जिरलेले आहेत, म्हणून ते कुठल्याच कागदावर दिसत नाहीत.

६०० सौदे झाले कसे, हेही आम्ही नोटांवरून काढलं, आणि मला त्यात पोराचा स्वभाव नाही, इंट्राडेची रचना दिसली. ८० दिवस असे होते की पहिला सौदा नफ्यात गेला. त्या दिवसांत मिळून २४० सौदे, म्हणजे दिवसाला तीन. ७० दिवस पहिला सौदा तोट्यात गेला. त्या दिवसांत ३६० सौदे, दिवसाला पाचाच्या वर. सकाळी साडेनऊला पाचशे रुपये गेले की ते दुपारपर्यंत परत आलेच पाहिजेत, कारण संध्याकाळी पाटी कोरी होते. ज्या दिवशी बाजार त्याच्या विरुद्ध होता, त्याच दिवशी तो सगळ्यात जास्त खर्च भरत होता.

आणि ते ६४९ रुपये. दुसऱ्या पाळीला तो अडीचला घरातून निघतो, आणि गेटवर मोबाइल जमा करावा लागतो. अकरा वेळा सौदा मोकळा करायचं राहून गेलं. तो आत यंत्रांच्या आवाजात कास्टिंगला गेज लावत असताना ब्रोकरच्या सिस्टीमने बाजार बंद होण्याच्या थोडं आधी सौदा आपोआप कापला आणि प्रत्येक वेळी ५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९ रुपये लावले. त्यातला एक सौदा त्याला अजून बोचतो. शेअर ३९६ ला घेतला होता, ३९२ ला कापला गेला, दोन हजार गेले, आणि तीन आठवड्यांनी तोच शेअर ४१० वर होता. "मी बरोबरच होतो की मामा." होय, शेअरबद्दल तो बरोबर होता. पण इंट्राडेत शेअर वर जाणार का एवढंच ओळखून भागत नाही, आज साडेतीनच्या आत जाणार का हेही ओळखावं लागतं. तो सौदा डिलिव्हरीत बदलायची, म्हणजे शेअर त्याच दिवशी न विकता आपल्या नावावर ठेवून घ्यायची, सोय ॲपमध्ये होती, इंट्राडेच्या `MIS` चं डिलिव्हरीचं `CNC` करायचं. पण त्यासाठी पूर्ण १,९८,००० खात्यात हवेत. होते सत्तर हजार. उधारीवर घेतलेला माल घरी नेता येत नाही.

या उधारीचं आणखी एक. जूनमध्ये एक लाखावर दोन लाखांचा सौदा होता, दुप्पट. जानेवारीत चाळीस हजारांवर तोच दोन लाखांचा सौदा, पाचपट. त्याने कधी शेअरची संख्या वाढवली नाही, त्यामुळे आपण जोखीम वाढवली असं त्याला वाटलंच नाही. भांडवल आटत गेलं तशी ती आपोआप वाढली. आधी ब्रोकर दहापट, वीसपटसुद्धा देत. सेबीच्या नव्या मार्जिन नियमाने सप्टेंबर २०२१ पासून ते पाचपटीवर आलं. तो नियम नसता तर भाचा माझ्याकडे पंधरा-वीस हजार उरल्यावर आला असता, चाळीस उरल्यावर नव्हे.

मग आक्काने विचारलं, "पहिल्याच दिवशी शेअर घेऊन ठेवला असता तर?" प्रश्न सरळ होता, म्हणून आम्ही तोही हिशेब मांडला. जूनमध्ये भाव ३८४ होता. उधारी न घेता २६० शेअर आले असते, ९९,८४० रुपयांचे. डिलिव्हरीत एसटीटी ०.१ टक्का, तोही खरेदी-विक्री दोन्हींवर, म्हणजे दर इंट्राडेच्या चौपट. मुद्रांक शुल्काचा दर पाचपट. दलाली त्याच्या ब्रोकरकडे डिलिव्हरीला शून्य. खरेदीचा सगळा खर्च ११८ रुपये. एका इंट्राडे सौद्याला तो जेवढा भरत होता, जवळजवळ तेवढाच. ४०२ ला विकले असते तर आणखी साधारण १२५, त्यात डीमॅटमधून शेअर बाहेर काढायचा पंधरा-सोळा रुपयांचा आकारही आला. हातात राहिले असते ४,४३७ रुपये.

आकडा लहान आहे, आणि तो मोठा करून दाखवायची मला इच्छा नाही. शेअर पडलाही असता. पण भाच्याला झाला तेवढा, ५९,८६९ रुपयांचा तोटा डिलिव्हरीत व्हायला तो शेअर ३८४ वरून दीडशेच्या घरात यावा लागला असता. प्रत्यक्षात शेअर वर गेला आणि त्याच शेअरमध्ये याचं भांडवल साठ टक्के संपलं. दर बघितले तर डिलिव्हरी महाग आहे. डिलिव्हरीतही कुणी आज घेऊन उद्या विकत राहिला तर तो इंट्राडेवाल्यापेक्षा लवकर रिकामा होईल. डिलिव्हरी स्वस्त पडते ती फक्त ११८ रुपये एकदा भरून मग गप्प बसता येतं म्हणून.

हे एकट्या भाच्याचं नाही, हे मी आक्काला मुद्दाम सांगितलं, कारण ती पोराला दोष देत होती. सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २०२२-२३ या वर्षात रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात तोट्यात निघाल्या. तोट्यात गेलेल्यांनी शेअरच्या भावात जे गमावलं, त्याच्या वर आणखी ५७ टक्के एवढी रक्कम खर्चात घातली होती. तिशीच्या आतल्यांत तोट्यातले ७६ टक्के, आणि वर्षाला पाचशेच्या वर सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. भाचा या दोन्ही रांगांत उभा आहे. मला यातला शेवटचा आकडा फार बोलका वाटतो. आपल्या फौंड्रीत, करघ्यावर, शेतात, जास्त वेळा केलं की हात बसतो. इथे जास्त वेळा करणारेच जास्त संख्येने बुडालेत, कारण हात बसण्याआधी आकार भरून भांडवल संपतं.

पोरगं दुपारपर्यंत शांत होतं. मग त्याने एक प्रश्न विचारला, जो माझ्याकडे येणारे बहुतेक जण विचारतात. "रिटर्नमध्ये हा तोटा दाखवता येतो म्हणतात. मग पुढच्या वर्षी इंट्राडेत नफा करून वळता करून घेऊ का?" कायदा असा आहे. इंट्राडेचं उत्पन्न सट्ट्याच्या धंद्याचं धरलं जातं. त्यातला तोटा पगारातून वजा होत नाही, डिलिव्हरीच्या नफ्यातूनही नाही, फक्त इंट्राडेच्याच नफ्यातून होतो. मुदतीत रिटर्न भरलं तर तो चार वर्षं पुढे नेता येतो, आणि पगारदाराला त्यासाठी नेहमीचा सोपा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. पण वळता करणं म्हणजे गेलेले पैसे परत येणं नाही, पुढच्या नफ्यावरचा कर वाचणं एवढंच. याच्या पगारावर तसाही कर लागत नाही. वाचायला काही नव्हतंच. साठ हजारांचा तोटा "वापरायला" परत ६०० सौदे करायचे म्हणजे परत सत्तर हजार भरायचे. फॉर्म आम्ही भरणार आहोत, कारण व्यवहार झालेत आणि ते दाखवायचे असतात.

खातं बंद कर असं मी त्याला म्हणालो नाही. वहीत उजवीकडे एक रकाना आखून दिला, खर्चाचा, आणि तो कॉन्ट्रॅक्ट नोट उघडूनच भरायचा असं ठरलं. आक्काला हे पुरेसं वाटलं नाही. ती मोबाइल काढून घ्यायच्या विचारात होती.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी त्याचा फोन आला. पहिली पाळी होती त्या आठवड्यात, मागे घरातला टीव्ही चालू होता. "मामा, ९० शेअर घेतले, ४०० ला. डिलिव्हरीत."

खर्च किती झाला म्हणून विचारलं, तर थांब म्हणाला. पीडीएफ उघडायला वेळ लागत होता. मग एकेक ओळ वाचत गेला, एसटीटी ३६, मुद्रांक, एक्सचेंज, आणि शेवटी म्हणाला, "त्रेचाळीसच्या आत आहे सगळं."